परदेशातल्या दुकानात टिपलेला खाऊ आपल्या बाजारात कोणत्या नावाने मिळतो, ते कसं शोधावं

माझी भाची कंपनीच्या कामासाठी तीन महिने इस्तंबूलला होती. येताना तिने आजीसाठी, म्हणजे माझ्या आईसाठी, एक पाकीट आणलं. आत पिवळसर, गोल, कोरडे दाणे. आईला ते इतके आवडले की दुपारच्या चहाबरोबर मोजून दहा-दहा खात तिने पंधरा दिवस पुरवले. पाकीट केव्हाच कचऱ्यात गेलं होतं. उरला होता तो भाचीने दुकानात उभं राहून काढलेला एक फोटो आणि डबीच्या तळाशी मूठभर दाणे. “मावशी, आजीला हे पुन्हा कुठून आणायचं?” असं तिने विचारलं आणि तो फोटो माझ्याकडे आला.

अशा वेळी आपण पाकिटावरचं मोठं नाव गूगलवर टाकतो, आयात मालाच्या दुकानात तिप्पट किमतीला ते सापडतं किंवा सापडतच नाही, आणि विषय संपतो. पण खाऊचं नाव बदललं म्हणून खाऊ बदलतोच असं नाही. तो शोधायची एक रीत आहे. ती मी याच पाकिटाच्या आधाराने सांगते, कारण यात वाटेवरचे जवळजवळ सगळे फसवे फाटे मला लागले.

आधी फोटो नीट मागवा

दुकानात उभा असलेला माणूस पाकिटाच्या दर्शनी बाजूचा फोटो काढतो. त्या बाजूवर कंपनीला जे दाखवायचं असतं तेच असतं. आपल्याला लागतं ते मागे, बारीक अक्षरात. म्हणून ज्याने फोटो पाठवला तो अजून तिथेच असेल तर लगेच निरोप द्या: मागची बाजू, घटकांची यादी स्पष्ट वाचता येईल इतक्या जवळून, पोषणाचा तक्ता, बारकोड आणि त्याखालचे आकडे, आणि शेल्फवर लावलेली किमतीची पट्टी. ही पट्टी बरेच जण विसरतात. पाकिटावर नक्षीदार अक्षरात फक्त ब्रँड असतो, पट्टीवर मात्र दुकानाने साध्या भाषेत जिन्नस काय आहे ते छापलेलं असतं. चमकत्या प्लॅस्टिकवर दिव्याचं प्रतिबिंब पडतं, तेव्हा पाकीट थोडं तिरकं धरून घटकांच्या यादीचे दोन फोटो घ्यायला सांगा.

पाकीट विकत घेतलं असेल तर आणखी एक फोटो हवा: चार दाणे तळहातावर, शेजारी एक नाणं, आणि एक दाणा मधोमध फोडलेला. पुढे सगळ्यात जास्त उपयोग मला डबीत उरलेल्या दाण्यांचाच झाला.

भाचीच्या फोनमध्ये सुदैवाने मागच्या बाजूचाही एक फोटो होता. तिने तो उष्मांक बघायला काढला होता.

मग ठरवा: तीच कंपनी दुसऱ्या नावाने, की तोच पदार्थ दुसऱ्या हातचा?

इथे दोन वाटा फुटतात आणि दोन्हींचा शोध वेगळा चालतो.

पहिल्या वाटेवर एकच कंपनी एकच माल वेगवेगळ्या देशांत वेगळ्या नावाने विकते. सगळ्यात ओळखीचं उदाहरण बटाट्याच्या वेफर्सचं. लंडनमधल्या नातेवाइकाने ‘वॉकर्स’च्या पाकिटाचा फोटो पाठवला, तर त्यावरचं पिवळं वर्तुळ आणि लाल फीत पाहूनच कळतं की हे आपलं ‘लेज’. पेप्सिकोने १९८९ साली ब्रिटनमधली वॉकर्स ही जुनी कंपनी घेतली आणि तिथे लोकांच्या तोंडी असलेलं नाव तसंच ठेवलं. हीच कंपनी मेक्सिकोत ‘साब्रितास’, ऑस्ट्रेलियात ‘स्मिथ्स’ आणि इजिप्तमध्ये ‘चिप्सी’ या नावाने वेफर्स विकते. या वाटेवर मागच्या बाजूला मूळ कंपनीचं नाव शोधायचं आणि ती कंपनी भारतात काय विकते ते बघायचं, की काम झालं.

काम झालं म्हणताना दोन ठिकाणी मात्र थांबावं लागतं. एक म्हणजे रंग. आपल्याकडे लेजचं निळं पाकीट म्हणजे मॅजिक मसाला आणि हिरवं म्हणजे क्रीम अँड ओनियन. वॉकर्सचं निळं पाकीट चीज-कांद्याचं असतं आणि हिरवं मीठ-व्हिनेगरचं. फोटोतला हिरवा रंग पाहून इथलं हिरवं पाकीट आणलं तर हातात भलतीच चव येते. दुसरी गोष्ट याहून फसवी: कधी नाव तेच असतं आणि माल वेगळा. अमेरिकेतल्या ‘मिल्की वे’मध्ये नूगट आणि वर कॅरॅमलचा थर असतो, युरोपातल्या ‘मिल्की वे’मध्ये कॅरॅमल नसतं. अमेरिकेतल्या मिल्की वेच्या जवळ जाणारी गोष्ट हवी असेल तर ‘मार्स’ बार शोधायचा. तिन्ही एकाच कंपनीचे. म्हणजे नाव जुळलं म्हणून शोध थांबवायचा नाही, आतला थर जुळायला हवा.

दुसऱ्या वाटेवर कंपनी स्थानिक असते, तिचा आपल्याकडे काही व्यवहार नसतो, पण तो पदार्थ आपल्याकडे पूर्वापार आहे आणि त्याला आपलं नाव आहे. पोलंडमधून येणारी ती पातळ, पारदर्शक तिळाची पट्टी किंवा ग्रीसमधली ‘पास्तेली’ पाहून कुठल्याही मराठी माणसाला तिळाची चिक्की आठवेल, फक्त गुळाऐवजी तिथे साखरेचा पाक किंवा मध. आईचं पाकीट या दुसऱ्या वाटेवरचं होतं.

मोठं नाव सोडा, लहान नाव वाचा

भाचीच्या फोटोत वर लाल अक्षरात कंपनीचं नाव होतं आणि खाली, त्याच्या चौथाई आकारात, हे दोन शब्द:

```
Sarı Leblebi
```

ते लहान नाव म्हणजे जिनसाचं नाव. वरचं ब्रँडचं नाव शोधून मला फक्त त्या कंपनीची तुर्की वेबसाइट मिळाली असती. ‘सारी’ म्हणजे तुर्कीत पिवळा, आणि ‘लेब्लेबी’ हा शोधायचा शब्द.

इथे पहिली चूक मीच केली. स्पेलिंग नीट न पाहता घाईत टाइप केलं, तर समोर दोन वेगळ्याच गोष्टी आल्या. ‘लब्लाबी’ म्हणून ट्युनिशियातलं काबुली चण्यांचं रस्सेदार सूप, शिळ्या पावाच्या तुकड्यांवर ओतून खायचं. आणि ‘लबलब’ म्हणून एक शेंगवर्गीय वेल, म्हणजे आपला वाल. अर्धा दिवस मी आईला सांगत होते की हे बहुतेक भाजलेले वाल असणार. आई म्हणाली, “वाल असता तर मला कडसरपणा कळला नसता का?” तिचं बरोबर होतं. परकीय नाव शोधताना एकेक अक्षर पाकिटावर आहे तसंच घालायचं. तुर्कीत बिनटिंबाचा ı आणि टिंबाचा i ही वेगळी अक्षरं आहेत. फोनमध्ये तुर्की कीबोर्ड लावला की तो ı मिळतो, नाहीतर फोटोतून अक्षरं कॉपी करून घ्यावीत.

कॅमेऱ्याने भाषांतर करणारं अ‍ॅप या कामाला चांगलं आहे, पण त्याच्यावर एका मर्यादेपर्यंतच विसंबा. तुर्कीत `nohut` म्हणजे हरभरा, कच्चा. आणि `leblebi` म्हणजे भाजून तयार केलेला हरभरा. भाषांतरात बऱ्याचदा दोन्हींचं ‘चणे’ असंच होतं, आणि आपण शोधत असतो तो नेमका फरक त्यात बुडून जातो. मराठीतून उलट केलं तरी तसंच होईल. हरभरा, फुटाणा आणि डाळं हे तीन शब्द आपल्याला तीन वेगळ्या गोष्टी वाटतात, भाषांतर करणाऱ्याला एकच.

त्यापेक्षा खात्रीची युक्ती ही की त्या शब्दाने त्या भाषेतल्या चित्रांचा शोध घ्यायचा. लेब्लेबीची चित्रं उघडली आणि पहिल्याच ओळीत आईच्या डबीतले दाणे दिसले. शेजारी त्याच नावाचे पांढरे, सालीसकट असलेले दाणेही होते, मीठ-तिखटाचा लेप दिलेले होते, साखरेत घोळलेलेही होते. म्हणजे नुसतं लेब्लेबी म्हणून भागत नाही. पिवळं, बिनसालीचं, बिनलेपाचं, इतकं सगळं आपल्या शोधात धरायचं.

घटकांची यादी हीच खरी ओळख

तुर्कीत ‘घटक’ या शब्दाला `İçindekiler` म्हणतात. भाचीच्या फोटोत त्या शब्दापुढे एकच शब्द होता: `Nohut`. मीठ नाही, तेल नाही, हळद नाही. पिवळा रंग भाजण्यातून आणि दाण्याच्या आतूनच आलेला.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे, हा नियम युरोपात, तुर्कस्तानात आणि आपल्याकडेही आहे. त्यामुळे परक्या लिपीतली यादी असली तरी पहिले दोन-तीन शब्द उलगडले की पदार्थाचा सांगाडा हाती लागतो. लेप दिलेल्या लेब्लेबीच्या पाकिटावर हरभऱ्याच्या मागोमाग गव्हाचं पीठ (`buğday unu`) किंवा स्टार्च (`nişasta`) दिसतं. ते दिसलं तर आपल्याकडे जोडी फुटाण्यांत शोधायची नाही, तर पीठ लावलेल्या मसाला शेंगदाण्याच्या जातीच्या पदार्थांत शोधायची.

शास्त्रीय नावाची मदत इथे होते. हरभऱ्याचं नाव `Cicer arietinum`. एखादं धान्य, बी किंवा फळ ओळखता येत नसेल तर त्या देशाच्या भाषेतल्या विकिपीडियावर त्याचा लेख उघडा, तिथून शास्त्रीय नाव घ्या आणि त्या नावाने मराठी शोधा. बोलीभाषेतली नावं गोंधळ घालतात, शास्त्रीय नाव घालत नाही. वालाचं शास्त्रीय नाव `Lablab purpureus` आहे हे आधी पाहिलं असतं तर माझा तो अर्धा दिवस वाचला असता.

तक्त्यातला एक आकडा: भाजलंय की तळलंय

पोषणाचा तक्ता आपण उष्मांकासाठी बघतो, पण त्यातून पदार्थ कसा केलाय तेही कळतं. आकडे १०० ग्रॅममागचे घ्यायचे, एका वाटीमागचे नाही, कारण प्रत्येक कंपनीची वाटी वेगळी असते.

हरभऱ्यात मुळातच स्निग्धांश थोडा असतो, १०० ग्रॅमला साधारण ५ ते ६ ग्रॅम. कोरडा भाजला तर तो तितकाच राहतो. तळला की तेल आत शिरतं आणि हा आकडा २० च्या पुढे जातो. तुर्की तक्त्यात स्निग्धांशाला `Yağ` म्हणतात, आणि भाचीच्या फोटोत त्यासमोर ६ होता. म्हणजे हे भाजलेलं. दुकानात मिळणारी खारी चणाडाळ दिसायला पिवळी, गोलसर असते आणि फोटोवरून दुकानदार तीच काढून देतो. पण ती तळलेली असते आणि तिच्या पाकिटावरचा आकडाच सांगतो की ही ती नव्हे.

मिठाच्या बाबतीत एक हिशेब करावा लागतो. युरोपात आणि तुर्कस्तानात पाकिटावर मीठ (`Tuz`) ग्रॅममध्ये छापतात, आपल्याकडे सोडियम मिलिग्रॅममध्ये. एक ग्रॅम मीठ म्हणजे ४०० मिलिग्रॅम सोडियम. समजा तिथल्या खाऱ्या पाकिटावर १.५ ग्रॅम मीठ असेल, तर इथल्या पाकिटावर ६०० च्या आसपासचं सोडियम शोधायचं. आकडा मोठा दिसला म्हणून घाबरून परत ठेवायचं नाही.

बारकोड कशाला, आणि कशाला नाही

बारकोडचे पहिले तीन आकडे पाहून माल कुठल्या देशात तयार झाला ते कळतं, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. त्या आकड्यांवरून कंपनीने आपला क्रमांक कुठल्या देशाच्या संस्थेकडून घेतला एवढंच कळतं. ८६८ आणि ८६९ तुर्कस्तानचे, ८९० भारताचा. ८९० दिसला म्हणून माल भारतात बनला असं नाही.

बारकोडचा खरा उपयोग वेगळा आहे. फोटोतलं नाव वाचता येत नसेल, पण आकडे दिसत असतील, तर ते सगळे १३ आकडे ‘ओपन फूड फॅक्ट्स’ या संकेतस्थळावर घालून पाहा:

```
world.openfoodfacts.org
```

फ्रान्समध्ये २०१२ साली सुरू झालेला हा खुला साठा लोकांनीच पाकिटांचे फोटो टाकून भरलेला आहे. पदार्थ सापडला तर घटकांची यादी आणि तक्ता लिहिलेला मिळतो, आणि पदार्थाचा प्रकारही. त्या प्रकारावर टिचकी मारली की इतर देशांतले त्याच जातीचे पदार्थ समोर येतात. आपल्या देशातली नोंद तिथे तुलनेने कमी आहे, त्यामुळे जोडी तिथेच मिळेल अशी आशा धरू नका. तिकडचा पदार्थ ओळखण्यापुरता त्याचा उपयोग करा.

बारकोडची सुरुवात २ ने होत असेल तर मात्र तो नाद सोडा. ते आकडे दुकानाने स्वतःपुरते, बहुधा वजन करून भरलेल्या मालावर लावलेले असतात आणि त्या दुकानाबाहेर त्यांना अर्थ नसतो. तुर्कस्तानात सुक्या मेव्याच्या दुकानांतून लेब्लेबी सुटी तोलून देतात, त्यामुळे अशी चिकटपट्टी तिथल्या पाकिटावर अगदी सहज दिसते.

आता आपला बाजार

इथवर माझ्या वहीत एक ओळ तयार झाली होती: हरभरा, सोललेला, कोरडा भाजलेला, मीठ-तेल काही नाही, आख्खा दाणा. ही ओळ हातात आली की परकीय नाव विसरायचं. दुकानात ते सांगायचंच नाही. फोटोही आधी दाखवायचा नाही, कारण फोटो पाहून दुकानदार दिसण्यावर जातो. ओळ वाचून दाखवायची.

पहिल्याच किराणावाल्याने क्षणात उत्तर दिलं: “ताई, पंढरपुरी डाळं म्हणा की.”

आम्ही मूळचे सोलापूरचे, पंढरपूर आमच्यापासून तासा-दीड तासावर. आषाढीहून येणारं कुणीही बत्तासे, चुरमुरे, फुटाणे आणि डाळं घेऊन यायचं. चिवड्यात, चटणीत, आमटी दाट करायला हे डाळं मी वर्षानुवर्षं वापरतेय, आणि तरी इस्तंबूलच्या पाकिटात ते मला ओळखू आलं नव्हतं.

नावाच्या बाबतीत आपलाच देश काही कमी नाही. हेच डाळं कुठे डाळे, कुठे चिवड्याची डाळ, कुठे फुटाण्याची डाळ. सोलापूरच्या कानडी शेजारणी त्याला हुरिगडले म्हणतात, गुजराती दुकानात दाळिया मागायचं, तमिळ दुकानात पोट्टुकडलै. तुम्ही बंगळुरात किंवा सुरतेत राहत असाल तर तिथलं नाव घेऊनच विचारा, नाहीतर ‘डाळ’ या शब्दावर कच्ची चणाडाळ हातात पडेल. दाळिया म्हणताना मराठी दुकानात गव्हाचा दलिया मिळू शकतो, हेही ध्यानात ठेवा.

पाव किलो डाळं घरी आणलं. आईने एक दाणा तोंडात टाकला, चावला आणि म्हणाली, “चव तीच. पण हे ते नाही.”

शेजारी ठेवून पडताळा

जोडी सापडली असं वाटलं की मूळ दाणे आणि इथले दाणे एका पांढऱ्या ताटलीत शेजारी ठेवायचे. आधी बघायचं, मग मोजायचं, खायचं सगळ्यात शेवटी.

डबीतले तुर्की दाणे बहुतेक आख्खे, गोल. डाळं मात्र दुभंगलेलं, कारण सोलताना दाण्याच्या दोन पाकळ्या सुटतात. मग स्वयंपाकघरातल्या लहान काट्यावर १० ग्रॅम तुर्की दाणे तोलले, तर २८ भरले. इथले आख्खे फुटाणे सोलून तेवढ्याच वजनाला ६६ झाले. म्हणजे तिकडचा दाणा दुपटीहून जास्त वजनाचा. कारण सोपं आहे. एकाच हरभऱ्याच्या दोन जाती आहेत: आपला लहान, तपकिरी सालीचा देशी आणि मोठा, फिकट सालीचा काबुली. तुर्कस्तानात काबुली जातीचा हरभरा पिकतो आणि लेब्लेबी त्याचीच होते. आपलं डाळं देशी हरभऱ्याचं.

मग मी काबुलीचे भाजलेले दाणे शोधले. ऑनलाइन मिळतात, भडभुंज्याकडेही सांगितले तर मिळतात. आकार जुळला, पण चावल्यावर ते फुसफुशीत, पोकळ लागले आणि साल दाताला चिकटली. तुर्की दाणा दाताखाली आधी घट्ट लागतो, मग एकदम पिठासारखा विरतो.

हा फरक भाजण्यातला आहे. सोलापुरातल्या आमच्या जुन्या बाजारातल्या भडभुंज्याने तो मला भट्टीसमोर उभं करून दाखवला. त्याने भिजवून निथळलेला हरभरा तापलेल्या वाळूत टाकला, लोखंडी झाऱ्याने दोन-चार वेळा फिरवला, आणि मिनिटभरातच तडतड सुरू झाली. दाण्यातल्या पाण्याची वाफ होते, ती एकदम बाहेर पडायला बघते आणि दाणा फुटतो. म्हणून तो फुटाणा. वाळू चाळून टाकल्यावर त्याने गरम दाणे खरखरीत फरशीवर घेऊन वर लाकडी फळी दाबून घासली, तशी सालं सुटून डाळं झालं. पिवळी लेब्लेबी अशी एका दमात करत नाहीत. हरभरा थोडा तापवतात, विश्रांती देतात, पुन्हा तापवतात. मधे काही दिवस जाऊ देतात, मग ओलावून शेवटचं भाजतात आणि सोलतात. सावकाश झालेला दाणा फुलून पोकळ होत नाही, आतून घट्ट आणि पिठूळ राहतो. तुर्कस्तानात मध्य अनातोलियाच्या उत्तरेकडचं चोरूम हे गाव या पिवळ्या लेब्लेबीसाठी प्रसिद्ध आहे.

भडभुंज्याला मी डबीतला एक दाणा दिला. त्याने तो दोन बोटांत दाबला, नखाने चिरला, हुंगला. “काबुली आहे, पण सावकाश शेकलाय,” तो म्हणाला. “ताई, असा मी करत नाही. तुम्हाला देशीतले आख्खे, बिनसालीचे देतो. वाळू थोडी कमी तापवून.” त्याने दिलेले दाणे आकाराने लहान, पण आख्खे, गोल आणि चावायला तुर्की दाण्याच्या पुष्कळ जवळचे होते.

तेव्हा पडताळणीत सगळं जुळेल असा हट्ट धरू नका. ज्याच्यासाठी शोधताय त्याला विचारा की त्यात आवडलं काय होतं: आकार, चव, की दाताखालचा तो क्षण. आईला तो पिठूळ विरणारा क्षण हवा होता, दाणा मोठा असण्याशी तिला देणंघेणं नव्हतं. तिला आकार हवा असता तर मी काबुलीच घेतले असते आणि पोकळपणा सोसला असता.

घरी करून पाहण्याबद्दल

मी केलं. काबुली चणे रात्रभर भिजवले, जाड मीठ कढईत तापवून त्यात भाजले. वरून छान रंग आला, आतून खडे. दाणा फार भिजला होता. वरचा भाग कडक होईपर्यंत आतलं पाणी निघालंच नाही. ओव्हनमधले उकडून भाजलेले चणे कुरकुरीत होतात आणि चवीला चांगलेही लागतात, पण ती वेगळी गोष्ट आहे आणि दुसऱ्या दिवशी ती चिवट होते. लेब्लेबीच्या जागी ती चालत नाही.

ज्यांना पथ्य आहे त्यांच्यासाठी

जोडी मिळाली म्हणजे पथ्याचंही जुळलं असं धरू नका. सुक्या मेव्याच्या कारखान्यात एकाच यंत्रावर शेंगदाणे, पिस्ते, हेझलनट असं सगळं फिरतं. तुर्की पाकिटावर `eser miktarda` हे शब्द दिसले तर त्याचा अर्थ ‘अंशमात्र’, आणि त्यासोबत ज्याची नावं असतील ती ॲलर्जीवाल्या माणसाने एकेक करून वाचायला हवीत. इथल्या पाकिटावर तीच सूचना वेगळी असू शकते. भडभुंज्याच्या सुट्या मालावर तर ती नसतेच, त्याच भट्टीत शेंगदाणे भाजतात का ते तोंडी विचारावं लागतं. शाकाहाराचा हिरवा ठिपका आपल्याकडे सक्तीचा आहे, तिकडे नाही. त्यामुळे मसाल्याचा लेप असलेल्या पाकिटात ठिपका नाही म्हणून मांसाहारी, असंही नाही आणि शाकाहारीच असेल, असंही नाही. तिथे यादीच वाचायची.

आता दर पंधरवड्याला सोलापूरहून कुणी ना कुणी त्या भडभुंज्याचे दाणे अर्धा किलो घेऊन येतं. पावसाळ्यात पाव किलोच मागवतो, कारण हवा लागली की हे दाणे दोन दिवसांत सादळतात. सादळले तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतायचे आणि पूर्ण गार झाल्यावरच डबीत भरायचे. आईची डबी तीच आहे, तुर्की दाण्यांची. परवा भाचीने पुन्हा विचारलं, तिकडून कुणी येतंय, पाकीट मागवू का. आई म्हणाली, “एकच मागव. शेजारी ठेवून खाऊन बघायचंय.”